लांबच्या काकांना ‘येणं जमत नाहीये’ हे इमेलमध्ये कसं लिहावं?

प्रश्न: माझ्या बाबांचे चुलत-चुलत भाऊ नागपूरला असतात, बँकेतून निवृत्त झालेत. त्यांच्या मुलीचं (घरी तिला मनू म्हणतात) ७ डिसेंबरला नागपूरला लग्न आहे. मुलगा पुण्याचाच, बाणेरला राहतो. काकांनी पत्रिकेची पीडीएफ इमेलने पाठवलीय, खाली ‘दोघांनी नक्की यायचं, राहण्याची सोय केली आहे’ असं लिहिलंय. त्याच दिवशी पुण्यात माझ्या जवळच्या मित्राचं लग्न आहे आणि त्याला मी गणपतीतच हो म्हटलंय. आई-बाबा नागपूरला जाणार का, ते अजून ठरलेलं नाही. मी असं लिहिलंय: ‘आपल्या निमंत्रणाबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. परंतु काही अपरिहार्य कारणास्तव आम्ही उपस्थित राहू शकत नाही, याबद्दल दिलगीर आहोत.’ हे पाठवू का? काकांना वाईट वाटायला नको.

उत्तर:

नका पाठवू. ‘अपरिहार्य कारणास्तव’ हे बालगंधर्वच्या दाराशी लावलेल्या फलकावर शोभतं, नाटकाचा प्रयोग रद्द झाला की. काका ते वाचतील आणि त्यांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो कारणाचाच. तुम्ही कारण आहे असं सांगताय आणि ते सांगत नाही असंही सांगताय. त्यापेक्षा कारणाचा उल्लेखच न केलेला परवडला.

मी सदाशिव पेठेत तीसेक वर्षं लग्नपत्रिकांचे मजकूर लिहून देते आणि प्रुफं तपासते. पत्रिका बोलावण्यासाठी असते, पण ‘येता येत नाही हो, काय लिहू?’ असं विचारायलाही बरेच जण येतात. पूर्वी पोस्टकार्ड घेऊन यायचे, आता मोबाइल पुढे करतात. अडचण बहुतेक वेळा एकच असते. माणसाला घरच्या माणसाशी बोलायचं असतं आणि हात ऑफिसातलं पत्र लिहून मोकळा होतो. ‘उपस्थित राहू शकत नाही’, ‘दिलगीर आहोत’, ‘निमंत्रणाबद्दल धन्यवाद’ ही सगळी सोसायटीच्या वार्षिक सभेला न येणाऱ्या सभासदाची भाषा झाली. काकांना कोणी धन्यवाद देत नाही. काकांना ‘पत्रिका मिळाली, फार आनंद झाला’ असं म्हणतात.

पण मजकुराच्या आधी एक गोष्ट ठरवून घ्या. आई-बाबा जाणार की नाही? आपल्याकडे बोलावणं ‘सहकुटुंब सहपरिवार’ असतं आणि लग्नघरात हजेरी मोजतात ती घराची. मांडवात तुमचे बाबा दिसले की त्या घरातून माणूस आलं, विषय संपला. मग तुम्ही न येणं ही किरकोळ बाब होते आणि तुमचा इमेल फार हलका होतो. दोघंही जाणार नसतील, तर मात्र तुमच्या चार ओळींवर अख्ख्या घराचा नकार येऊन पडतो, आणि तो भार इमेलला पेलत नाही. तसं असेल तर आधी बाबांनी काकांना फोन करायचा. ते दोघे भाऊ आहेत, बरोबरीचे आहेत. बाबांनी ‘गुडघे साथ देत नाहीत रे’ म्हटलेलं काका ऐकून घेतील. तेच तुम्ही बाबांच्या वतीने इमेलमध्ये लिहिलंत तर ‘स्वतः एक फोन करता आला नाही का त्याला?’ असं होईल. बाबांचा फोन झाला, की दुसऱ्या दिवशी तुमचा इमेल.

आणि पत्रिकेचं शेवटचं पान एकदा नीट बघा. मुलाकडचे पुण्याचे आहेत म्हणजे इथे स्वागत समारंभ असण्याची शक्यता दाट आहे. लोक मुहूर्त आणि कार्यालय वाचतात आणि पीडीएफ बंद करतात. इथे काही असेल आणि बोलावणं तुम्हालाही असेल, तर ‘आम्ही पुण्याच्या समारंभाला नक्की येतोय’ या एका वाक्यात तुमचं निम्मं काम झालं.

आता कारण. इथेच सगळे घसरतात, मीही घसरलेय. लग्नानंतर दोनेक वर्षांची गोष्ट. नवऱ्याच्या लांबच्या आत्यांकडे साताऱ्याला लग्न होतं आणि त्याच दिवशी पुण्यात माझ्या मैत्रिणीचं. मी आत्यांना पत्र टाकलं, ‘मला आठ दिवस ताप आहे, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय.’ मला वाटलं, केवढं बिनतोड कारण दिलं. आत्या मनाच्या मोठ्या. लग्न लागलं, जेवणं झाली आणि पुण्याकडे निघालेल्या एका गाडीत बसून त्या संध्याकाळी थेट आमच्या दारात हजर, हातात लग्नाच्या लाडू-चिवड्याची पिशवी, आजारी सुनेला बघायला. दार मीच उघडलं. अंगावर पैठणी, केसांत गजरा, हाताला अत्तर लावलेलं, कारण आम्हीही दहा मिनिटांपूर्वीच मैत्रिणीच्या लग्नाहून आलो होतो. आत्या एक शब्द बोलल्या नाहीत. पिशवी दिली, पाणी प्यायल्या आणि ‘बरं वाटतंय ना आता?’ एवढं विचारून गेल्या. त्या ‘आता’वर त्यांनी किंचित जोर दिला होता, तो मला अजून ऐकू येतो.

तेव्हा निदान कोणीतरी दारात यावं लागायचं. आता तुमच्या मित्राच्या लग्नाचे फोटो रात्रीपर्यंत कोणाच्या तरी स्टेटसवर असतील, आणि मनूचा नवरा बाणेरचा आहे. पुणं वाटतं तेवढं मोठं नाही. शिवाय आजारपण हे कारण लग्नघरात एरवीही चालत नाही. शुभकार्याच्या पत्रात दवाखाना, ताप, ऑपरेशन हे शब्द काढत नाहीत. खरं असलं तरी ‘घरची थोडी अडचण आहे’ असंच लिहितात. सुतक असेल तेव्हाही ‘अडचण आहे’ एवढंच, बाकीचं मोठ्यांना न सांगता कळतं.

मग खरं लिहायचं का, की मित्राच्या लग्नाला जातोय? तसं उघडंवाघडंही नको. मित्राचं लग्न आणि नात्यातलं लग्न एकाच वाक्यात आलं की काकांच्या मनात तराजू लागतो आणि आपलं पारडं वर गेलेलं त्यांना दिसतं. बायकोच्या सख्ख्या बहिणीचं लग्न असतं तर मी म्हटलं असतं, बिनधास्त लिहा, तिथे कोणी तराजू काढत नाही. तुमच्यासाठी मराठीत एक फार सोयीचा शब्द आहे: कार्य. ‘त्या दिवशी इथे एका कार्याला येण्याचं कबूल केलंय.’ लग्न, मुंज, वास्तुशांत, सगळं त्यात येतं. खोटं काही नाही, उद्या फोटो दिसला तरी वाक्य खरंच ठरतं. त्यापुढे केव्हा कबूल केलं तेही लिहा, ‘गणपतीतच’. काकांची पत्रिका दिवाळीनंतर आली असेल. आधी दिलेला शब्द पाळतोय, एवढं बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला पटतं.

कारण एकच द्या. ‘कार्य आहे, शिवाय रजा नाही, आणि तिकीटही मिळत नाहीये’ अशी तीन कारणं आली की तिन्ही खोटी वाटतात. आणि दोन कारणं अशी असतात की समोरचा ती सोडवायला धावतो. तिकीट म्हणालात तर काका तिकीट काढून पाठवतील. रजा म्हणालात तर ‘रविवारचा दिवस आहे, रातोरात परत जा’ म्हणतील. कबूल केलेल्या कार्यावर त्यांना उपाय काढता येत नाही.

‘बघतो, जमवायचा प्रयत्न करतो’ हे मात्र अजिबात लिहू नका. आपल्या पुण्यात ‘बघू’ म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नागपुरात त्याचा अर्थ ‘येतोय’ असा होतो, ती माणसं अगत्याची. मग तुमच्या नावाने कार्यालयात खोली धरली जाते आणि केटररला सांगायच्या आकड्यात दोन पानं वाढतात. लग्नाच्या आदल्या रात्री काकांचा भाचा स्टेशनवर घ्यायला जाऊ का म्हणून तुम्हाला फोन करतो. स्पष्ट नकाराचा राग दोन दिवस टिकतो, या प्रकाराचा वर्षानुवर्षं. काकांनी ‘राहण्याची सोय केली आहे’ असं मुद्दाम लिहिलंय, म्हणजे ते खोल्यांचा हिशोब करताहेत. तेव्हा तीन-चार दिवसांत कळवा. अगदी त्याच तासाला नको, विचारही न करता झटकलं असं वाटतं.

आता हे सगळं धरून मी तुमच्या जागी काय लिहिलं असतं, ते बघा. आई-बाबा जाताहेत असं धरलंय.

> ती. स्व. काका,
> सा. नमस्कार.
>
> चि. मनूच्या लग्नाची पत्रिका मिळाली. मुलगा बाणेरचा, म्हणजे मनू आता आमच्या गावची होणार, हे वाचून आम्हा दोघांना विशेष आनंद झाला.
>
> ७ तारखेला मात्र आम्हा दोघांचं नागपूरला येणं जमत नाहीये. त्याच दिवशी इथल्या एका कार्याला थांबण्याचं आम्ही गणपतीतच कबूल केलं आहे. आमच्यासाठी खोली अडकून राहू नये म्हणून आत्ताच कळवतो आहे. आई-बाबा मात्र येताहेत, ६ तारखेला दुपारपर्यंत पोचतील.
>
> मनू पुण्याला आली, की दोघांना जेवायला बोलावण्याचा पहिला मान आमचा. तो कोणाला देऊ नका.
>
> काकूंना आम्हा दोघांचा नमस्कार.
>
> कळावे, लोभ असावा.
> तुमचा,
> (इथे नाव, आणि खाली कंसात बाबांचं घरातलं नाव: ‘अमक्याचा मुलगा’)

ऐंशी-नव्वद शब्द आहेत. याहून मोठं केलंत तर सफाई दिल्यासारखं वाटायला लागतं. यातल्या काही जागा मुद्दाम तशा ठेवल्या आहेत.

‘तीर्थरूप’ हा मायना आईवडिलांचा, आणि त्यांच्या जागी असलेल्या मोठ्यांना ‘तीर्थस्वरूप’. हल्ली हा फरक कोणी पाळत नाही, पण काकांच्या वयाच्या माणसाला ‘ती. स्व.’ दिसलं की बरं वाटतं. ‘आदरणीय काका’ मात्र नको, त्याने ते व्यासपीठावर जाऊन बसतात. मजकुरात ‘आपण’ नको, ‘तुम्ही’. लांबचे असले तरी काका आहेत, आणि ‘आपण’ म्हटल्याने ते आणखी लांब जातात.

मनूचं घरातलं नाव वापरलंय. पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’ लावून तिचं शाळेतलं नाव असणार, तेही चुकीचं नाही. पण लांबच्या नात्यात घरचं नाव माहीत असणं हीच जवळीक असते. तिला ‘आशीर्वाद’ लिहायचा मोह आवरा. तुम्ही वयाने मोठे असलात तरी तिच्या वडिलांना लिहिताना आशीर्वाद देणं जरा आगाऊपणाचं दिसतं. तो आई-बाबा मांडवात देतील.

‘येणार नाही’ आणि ‘येणं जमत नाहीये’ यांतला फरक तुम्हाला सांगायला नको. पहिल्यात तुम्ही ठरवलंय, दुसऱ्यात गोष्टी तशा आल्या आहेत. त्यात ‘मात्र’ आहे, ‘परंतु’ नाही. ‘परंतु’ आलं की आधीचा आनंद पुसला जातो आणि माणूस पुढच्या वाक्याला सावरून बसतो. नकार पहिल्या ओळीतही नाही आणि अगदी शेवटीही नाही. शेवटी ठेवला की वाचणारा तीन परिच्छेद ‘येताहेत’ असंच समजून खूश होत जातो आणि मग आपटतो.

जेवणाचं बोलणं खरंच करणार असाल तरच लिहा. ‘पुण्याला आलात की या’ या आमंत्रणाची पुण्याबाहेर काय चेष्टा होते ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ‘पहिला मान’ असं बांधून घेतलंय, आणि संक्रांतीच्या सुमाराला तुमच्या बायकोने मनूला फोन करून दिवस ठरवायचा. ती खरेदीला किंवा सासरच्या कामाने लग्नाआधीच इकडे येणार असेल तर मग केळवणच करा. केळवण झालेल्या घराचं लग्नाला न येणं कोणी मनावर घेत नाही.

आहेराचा विषय या इमेलमध्ये आणू नका. आई-बाबांच्या हाती पाकीट द्या, वर तुम्हा दोघांची नावं घाला. ‘येत नाही, पण आहेर पाठवतो’ हे एका इमेलमध्ये आलं की मोबदला दिल्यासारखं होतं. ‘खाते क्रमांक कळवा’ असं लिहिलेलाही एक इमेल मी पाहिलाय.

पाठवण्यातल्या चुका वेगळ्याच असतात. काकांनी पत्रिका पंचेचाळीस जणांना एकदम पाठवली असेल तर सगळ्यांचे पत्ते वर दिसत असतील. तुम्ही `Reply` दाबायचंय, `Reply all` नाही. एकाचा नकार सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पडला की तो जाहीर होतो, आणि पाठोपाठ आणखी दोघांना ‘आमचंही जमत नाहीये’ लिहायचा धीर येतो. हे मी घडताना पाहिलंय, आणि यजमानांचा राग पहिल्यावरच होता. पत्रिका काकांच्या मुलाने त्याच्या इमेलवरून पाठवली असेल, तर उत्तर त्याला जाऊ दे, पण मायना काकांचाच. बोलावणं ज्यांच्या नावाने आहे, उत्तरही त्यांनाच. विषयाच्या ओळीत काही नवं लिहू नका, त्यांचाच विषय राहू दे. इनबॉक्स उघडताच ‘लग्नाला येता येत नाही’ ही ठळक अक्षरं त्यांना दिसायला नकोत.

इमेल देवनागरीत लिहा. रोमन लिपीतलं मराठी जिन्यात उभं राहून खरडल्यासारखं दिसतं. ऑफिसच्या पत्त्यावरून तर पाठवूच नका. इतकं ‘लोभ असावा’ लिहून झाल्यावर खाली तुमचा हुद्दा, कंपनीचा लोगो आणि ‘हा संदेश गोपनीय आहे’ अशी इंग्रजी तळटीप चिकटलेली असते. स्वतःच्या पत्त्यावरूनही पाठवण्याआधी अगदी तळाशी जाऊन बघा, `Sent from my iPhone` असलं काही राहिलं असेल तर पुसा.

यानंतर काकांचं उत्तर येईल: ‘निदान दोघांपैकी एकाने तरी या.’ त्याने गडबडू नका. तो आग्रह आहे आणि तो त्यांनी करायलाच हवा, नाही केला तरच काळजी करा. पंगतीत वाढणारा दुसऱ्यांदा विचारतो तसंच हे. इथे नवीन कारण काढलंत की फसलात, कारण पहिलं पुरेसं नव्हतं असं तुम्हीच कबूल केल्यासारखं होतं. तेच पुन्हा, एका ओळीत: ‘काका, तुमचा आग्रह कळतो, पण तिथे दोघांनाही थांबावं लागणार आहे. मनूला भेटायला आम्ही आतुर आहोतच.’ एवढं लिहून थांबा.

काका काहीच उत्तर देणार नाहीत, असंही होऊ शकतं. तो राग समजून आणखी एक इमेल धाडू नका. त्यांच्याकडे मांडववाला, केटरर आणि रुसलेले दोन नातेवाईक आधीच आहेत.

फोन मात्र एक करा, आणि तो काकूंना. लग्नाच्या दिवशी नको, त्या दिवशी त्यांचा मोबाइल कुठल्या तरी पिशवीच्या तळाशी असतो. आदल्या दिवशीही नको, देवक बसलेलं असतं, घर भरलेलं असतं. चार-पाच दिवस आधी, दुपारची जेवणं आवरल्यावर. इमेल काकांनी वाचलाय, काकूंनी तो फक्त ‘ते पुण्याचे येत नाहीयेत’ एवढाच ऐकलाय, तेही स्वयंपाकघरातून. तेव्हा येण्या-न येण्याबद्दल तुम्ही होऊन बोलूच नका. बस्ता कुठे घेतला विचारा, मनूच्या शालूचा रंग कुठला ते विचारा, आणि मग फोन तुमच्या बायकोच्या हातात द्या.